मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नका

आमच्या सासूबाईंना बरीच वर्षं मधुमेह आहे. त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरलेल्या असतात, प्रत्येक वाराला सकाळचा एक कप्पा आणि रात्रीचा एक. मंगळवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझी अडीच वर्षांची धाकटी ती डबी घेऊन दिवाणाखाली बसलेली सापडली. बुधवारचा रात्रीचा कप्पा उघडा होता. त्यात दोन गोळ्या असायला हव्या होत्या, एक रक्तदाबाची आणि एक मधुमेहाची. रक्तदाबाची पांढरी गोळी फरशीवर पडलेली मिळाली. मधुमेहाची लहानशी गुलाबी गोळी कुठेच मिळाली नाही, आणि धाकटीच्या जिभेवर फिकट गुलाबी रंग होता.

घरात लगेच दोन मतं पडली. थोरले दीर म्हणाले, "एका गोळीनं काय होतंय? आई तर रोज दोन घेतात. दूध पाज आणि झोपव." पोरगी तोवर उठून चेंडूमागे पळत होती, हसत होती. तिच्याकडे बघून कुणालाही हेच वाटलं असतं. पण सासूबाई मात्र अडून बसल्या. रात्री जेवण चुकलं की या गोळीनं काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या अंगावर काढलेलं होतं. घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. "मला असं होतं, तर हिचं काय होईल?" असं म्हणून त्यांनीच चपला घातल्या.

गावातल्या डॉक्टरांनी स्ट्रिपवरचं नाव वाचलं. ग्लिमेपिराइड, २ मिलीग्रॅम. त्यांनी तिचं वजन केलं, ते ११ किलो भरलं. त्यांनी स्वतः काही औषध दिलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, हिला आत्ताच्या आत्ता अशा ठिकाणी न्या जिथे रात्रभर तासातासाला साखर तपासतील आणि शिरेतून ग्लुकोज देता येईल. वाटेत झोपू लागली तर हलवून बघत राहा, उठते की नाही."

मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिची साखर ९६ होती, म्हणजे अगदी व्यवस्थित. घरी सोडतील असं मला वाटलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हाताला सुई लावून ठेवली, तिला नेहमीसारखं जेवू दिलं आणि सांगितलं की पूर्ण चोवीस तास ती इथेच राहील. "आत्ताच्या आकड्यावर मी जाणार नाही. ही गोळी खरी परीक्षा पहाटे घेते."

त्यांनी मला कारण समजावलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. पोटात गेलेलं जेवण आहे तोवर साखर टिकून राहते. मूल झोपलं, पाच-सहा तास पोटात काही गेलं नाही, की शरीर यकृतात साठवलेल्या साखरेवर चालतं. लहान मुलाचा हा साठा मुळातच थोडा. त्यात गोळी इन्शुलिन सोडतच राहते. मोठ्या माणसाच्या साठ-सत्तर किलोंच्या अंगात जी गोळी मुरते, तीच ११ किलोंच्या अंगात कितीतरी पट भारी पडते. साखर खाली यायला आठ तास लागू शकतात, कधी त्याहून जास्त. ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड ही याच कुळातली औषधं. नुसत्या मेटफॉर्मिनच्या एका गोळीनं साखर सहसा इतकी खाली येत नाही, पण बऱ्याच गोळ्यांत मेटफॉर्मिनसोबत या कुळातलं औषधही असतं. म्हणून "साखरेची गोळी" एवढंच सांगून भागत नाही, पूर्ण नाव लागतं.

मध्यरात्री साखर ८८ होती. दोनच्या सुमारास ७१. साडेतीनला सिस्टरनी बोटाला सुई टोचली तेव्हा ती रडली नाही. एरवी नखं कापताना घर डोक्यावर घेणारी पोरगी नुसती कण्हली. मानेखालचे केस घामानं ओले झाले होते, कपाळ गार लागत होतं. आकडा आला ४६. लावून ठेवलेल्या सुईतून लगेच ग्लुकोज दिलं, आणि काही मिनिटांत ती डोळे उघडून माझ्याकडे हात पसरून रडू लागली. त्या वेळी आम्ही घरी असतो, तर ती शांत झोपली आहे असंच आम्हाला वाटलं असतं. सकाळी हाका मारेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. साखर इतकी खाली बराच वेळ राहिली की झटके येतात, मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो.

एकदा ग्लुकोज दिल्यावर काम संपलं असंही नव्हतं. साखर १४० वर गेली आणि तासाभरात पुन्हा ५२ वर आली. बाहेरून ग्लुकोज मिळालं की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं आणि साखर पुन्हा घसरते. घरी साखरपाणी पाजून हे निभत नाही, ते यामुळे. त्यांनी मग ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन दिलं. ते इन्शुलिन सुटणंच रोखतं. त्यानंतर साखर स्थिरावली. दुसऱ्या दिवशी औषधं बंद करूनही ती टिकते का, हे झोपेतसुद्धा तपासलं आणि मगच आम्हाला घरी पाठवलं.

त्या वॉर्डात रात्री इतर आयांशी बोलणं झालं आणि पुढेही मी बाईंना खोदून खोदून विचारलं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. प्रत्येक पदार्थाचं घड्याळ वेगळं असतं, आणि आपण मात्र सगळ्यांना एकाच नजरेनं बघतो: मूल आत्ता कसं दिसतंय?

तंबाखूचं घड्याळ फार जोरात चालतं. शेजारच्या खाटेवर एक वर्षाचा मुलगा होता. आजोबांनी मळून ठेवलेली चिमूट त्यानं तोंडात घातली होती. मळलेल्या तंबाखूत चुना असतो, आणि चुन्यामुळे निकोटीन तोंडातल्या त्वचेतूनच भराभर रक्तात जातं. पंधरा-वीस मिनिटांतच त्याला लाळ सुटली, उलट्या झाल्या, चेहरा पांढराफटक पडला. उलट्या थांबून तो गप्प झाला तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं होतं. पण निकोटीन आधी शरीराला चेतवतं आणि मग दाबतं. आधी नाडी जोरात चालते, मग ती मंदावते, मूल मलूल होतं, श्वास उथळ होतो, झटकेही येऊ शकतात. उलटीनंतर आलेली गुंगी ही आराम पडल्याची खूण धरू नये. मिश्री, सिगारेटची थोटकं आणि तंबाखू सोडण्यासाठी मिळणारं निकोटीनचं च्युइंगम, सगळ्यांना हेच लागू आहे. च्युइंगम तर मुलाला गोळीबिस्किटासारखंच वाटतं.

भांगेचं घड्याळ मंद. महाशिवरात्रीची किंवा होळीची थंडाई, भांगेची गोळी, परदेशात राहणाऱ्यांच्या घरी गांजा घातलेलं चॉकलेट किंवा जेलीच्या गोळ्या, हे पोटातून रक्तात उतरायला तास-दोन तास, कधी तीन तास लागतात. मग मूल झिंगल्यासारखं चालतं, धडपडतं, आणि गाढ गुंगीत जातं. काही मुलांचा श्वास इतका मंद होतो की यंत्राचा आधार द्यावा लागतो, आणि परिणाम दिवसभराहून जास्त टिकू शकतो. यात आणखी एक घात होतो, तो लाजेपोटी. घरचे काही सांगत नाहीत. डॉक्टरांपुढे कारण नसताना बेशुद्ध झालेलं मूल येतं, मग मेंदूज्वर आहे का हे बघायला डोक्याचं स्कॅनिंग होतं, पाठीतून पाणी काढलं जातं. एक खरं वाक्य सांगितलं असतं तर त्या लेकराचे हे हाल टळले असते. विषबाधेची केस म्हणून दवाखाना पोलिसांना कळवू शकतो, तशी पद्धत आहे. तिला भिऊन गप्प बसू नका. डॉक्टरांना काय, किती आणि केव्हा एवढंच हवं असतं.

आणि लोहाच्या गोळ्या. गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. धाकटीच्या वजनाच्या मुलानं चार गोळ्या खाल्ल्या तरी तपासणी लागते, दहा-अकरा खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल सुधारल्यासारखं दिसतं, आणि त्याच काळात आत यकृत बिघडत असतं.

असं काही घडलं आणि मुलाच्या तोंडात काही उरलं असेल, तर ओल्या फडक्यानं बोट फिरवून काढा. उलटी करवू नका, घशात बोट घालू नका. मिठाचं पाणी तर मुळीच नको, मिठानंच मूल दगावू शकतं. दूध, तूप, लिंबू यांनी विष उतरत नाही, आणि गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. स्ट्रिप, पुडी, उरलेल्या गोळ्या, उलटीत दिसलेले तुकडे सोबत न्या. किती गेल्या हे नक्की नसेल, तर जेवढ्या कमी आहेत तेवढ्या सगळ्या पोटात गेल्या असंच धरा. दोन भावंडं एकत्र खेळत होती, तर दोघांनाही न्या. मूल उठत नसेल, झटका आला असेल, श्वास अडखळत असेल, तर एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. जवळच्या डॉक्टरांनाही तो क्रमांक द्या. पण फोन लागेपर्यंत घरात बसून राहू नका, निघा आणि वाटेत लावा.

एक विनंती औषधाच्या दुकानात करा. आपण चार गोळ्या मागतो आणि दुकानदार स्ट्रिप कापून देतो. औषधाचं नाव बऱ्याचदा कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर जातं. आम्ही त्या रात्री पूर्ण स्ट्रिप शोधू शकलो, म्हणून गावातल्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला नाव कळलं. नावाचा भाग असलेला तुकडाच मागून घ्या, नसेल तर पाकिटावर नाव आणि मिलीग्रॅम लिहून घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी फोनमध्ये ठेवा, आणि ती आजी-आजोबांनाही सांगता येईल असं बघा. मूल दिवसभर असतं त्यांच्याचजवळ.