दोन घात, चार मुळे

वर्गसमीकरणाला दोनहून अधिक मुळे नसतात, हे आपण शाळेत शिकलो. असे का? a हे बहुपदीचे मूळ असेल, तर अवयव सिद्धांताने ती (x−a)·g(x) अशी लिहिता येते. G ची कोटी एकाने कमी असते. b हे दुसरे मूळ घेतले, तर (b−a)·g(b) = 0 होते. b−a शून्य नाही, म्हणून g(b) शून्य. अशा रीतीने दर मुळामागे कोटी एकाने घटते आणि n मुळांनंतर घटायला काही उरत नाही.

सारा भार त्या ‘म्हणून’वर आहे. शून्येतर प्रत्येक संख्येने जेथे भागता येते अशा संख्यासंचाला क्षेत्र म्हणतात. परिमेय संख्या हे त्याचे परिचित उदाहरण. तेथे दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही.

आता आठने भागून उरणाऱ्या बाक्यांपुरतेच गणित करू. x²−1 मध्ये 1, 3, 5, 7 घातल्यास 0, 8, 24, 48 मिळतात. चारही वेळा बाकी शून्य! x = 3 असता (3−1)(3+1) म्हणजे 2×4. दोन्ही शून्येतर, गुणाकार मात्र शून्य. ‘म्हणून’ येथे तुटते. अवयव सिद्धांत मात्र शाबूत राहतो; गंमत अशी की, त्याच बहुपदीचे (x−1)(x−7) आणि (x−3)(x−5) असे दोन निराळे अवयव पडतात. सातने भागले असते, तर 1 आणि 6 ही दोनच मुळे मिळाली असती.