‘दोघंच’ हा शब्द गाळू नका

प्रश्न: मी 26 वर्षांचा, कोथरूडला राहतो. रविवारी सिंहगड चढणाऱ्या आमच्या गटातली एक मुलगी मला आवडते. समोर बोलताना तोंडच उघडत नाही. मेसेजवर कसं सांगू?

उत्तर: पहिल्या आठवड्यात तिच्याच बोलण्याचा धागा धरा: “तू म्हणालीस ते नाटक शनिवारी सुदर्शनला आहे.” पुढच्या आठवड्यात थोडं स्वतःचं: “आज तू नव्हतीस, गडावरचं पिठलंही बेचव लागलं.” मग थांबून पाहा. ती उलट काही विचारते का, की नुसता अंगठा पाठवते? अंगठाच येत असेल तर इथेच थांबा. उत्तर उशिरा आलं तर मात्र मनावर घेऊ नका. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत माणसाचा जीव गेलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यात बोलावणं: “शनिवारी पाचला वैशालीत कॉफी? आपण दोघंच.” लाजरी माणसं नेमका ‘दोघंच’ गाळतात आणि ती तीन मैत्रिणींना घेऊन येते. भेट रंगली तर दोन दिवसांत स्पष्ट लिहा: “मला तू आवडतेस, मैत्रिणीपेक्षा जास्त. तुला तसं वाटत नसेल तर सरळ सांग, पुन्हा विचारणार नाही.” मध्यरात्री पाठवू नका, पाठवून पुसूही नका. नकार आला तर “सांगितलंस ते बरं केलंस” एवढंच लिहा आणि रविवारी नेहमीसारखे गडावर जा.