चिकित्सेपूर्वी व चिकित्सेनंतर : बदललेल्या उत्तरांची मोजणी

अम्लपित्ताच्या रुग्णास आलेला उपशय आकड्यांनी मांडताना बहुधा एक चूक होते, आणि ती आम्हीही केलेली आहे. केवळ बेरजा लिहून ठेवल्या व केसपेपर बाजूला गेले.

उदाहरणादाखल ४० रुग्ण घेऊ. अविपत्तिकर चूर्ण ३ ग्रॅम, दोन वेळा भोजनापूर्वी, ४ आठवडे. आरंभी व अखेरीस प्रत्येकास एकच प्रश्न : गेल्या आठवड्यात छातीतील जळजळीने झोपमोड झाली काय? आरंभी २४ जण ‘होय’ म्हणाले, अखेरीस १६. हे दोन स्वतंत्र गट मानून नेहमीची काय-वर्ग कसोटी लावल्यास ३.२ हे उत्तर येते. ते ३.८४ पेक्षा कमी, म्हणून फरक योगायोगाचाही असू शकेल, असे म्हणावे लागते. परंतु येथे ८० माणसे नाहीत. ४० माणसांची प्रत्येकी दोन उत्तरे आहेत.

अशा जोडीच्या उत्तरांसाठी क्विन मॅकनेमार यांनी १९४७ मध्ये स्वतंत्र कसोटी मांडली. केसपेपर पुन्हा चाळावेत. समजा, १४ जणांची झोपमोड दोन्ही वेळा होती व १४ जणांची दोन्ही वेळा नव्हती. या २८ जणांकडून बदलाची दिशा कळत नाही. त्यांना बाजूस ठेवावे. उरले १२ : पैकी १० जणांची झोपमोड थांबली, २ जणांची नव्याने सुरू झाली. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर बदल नाणेफेकीप्रमाणे दोन्ही दिशांनी साधारण सारखा झाला असता. १० मधून २ वजा करून ८, त्याचा वर्ग ६४, भागिले १२ म्हणजे ५.३३. हे उत्तर ३.८४ च्या वर जाते. बदललेले रुग्ण २५ पेक्षा कमी असल्याने नाणेफेकीचे नेमके गणित करणे अधिक चांगले; त्यानुसार संभाव्यता सुमारे ०.०३९ येते, म्हणजे प्रचलित ०.०५ च्या आतच.

आता बेरजा त्याच, २४ व १६. पण १८ जण सुधारले व १० जण बिघडले असे समजू. पुन्हा ६४, परंतु भागिले २८ म्हणजे २.२९. निष्कर्ष उलटला! म्हणून माहितीपत्रकात केवळ दोन बेरजा दिसल्या, तर औषधालयमालकांनी किती सुधारले व किती बिघडले हे अवश्य विचारावे.

या कसोटीने बदल सिद्ध झाला तरी तो चूर्णानेच झाला, असे ठरत नाही. रुग्ण त्रास शिगेला पोहोचल्यावर येतो व पुष्कळदा आपोआपही उतार पडतो. त्यासाठी तुलनेचा गट हवा. मध्येच येणे सोडलेल्यांची जोडी अपुरी राहते, म्हणून त्यांची संख्या वेगळी नोंदवावी. बदललेले रुग्ण पाचच असतील, तर पाचही सुधारले तरी संभाव्यता ०.०६२५ येते, सहाच्या सहा सुधारले, तरच ती ०.०३१ होते.