केसांचा रंग बिघडला, एक स्टार मिळाला: उत्तर कसं लिहायचं?

आज एकच उदाहरण घेऊन शिकूया. समजा तुमचं छोटं पार्लर आहे आणि गूगलवर हा रिव्ह्यू आला:

"ग्लोबल कलरचे 4,500 रुपये घेतले. मुळांशी नारिंगी, खाली काळेच! चार दिवसांवर भावाचं लग्न आहे. रंगवणाऱ्या मुलीला काही येत नाही. कोणी जाऊ नका."

वाचून डोकं तापतं, पण लगेच टाइप करू नका. आधी त्या दिवशीची नोंद काढा. कोणती शेड लावली, किती वेळ ठेवली, आधी केसांवर काय होतं? मग रंग करणाऱ्या मुलीला शांतपणे विचारा. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण काय घडलं हे माहीत नसताना लिहिलेलं उत्तर पोकळ वाटतं.

आपल्या उदाहरणात कळलं ते असं. मॅडमनी काही महिन्यांपूर्वी घरी काळा डाय लावला होता. नुसता नवा रंग लावून जुना कृत्रिम रंग उजळत नाही, त्यामुळे टोकं काळीच राहिली. मुळांजवळचे नवे केस मात्र नैसर्गिक होते, आणि टाळूच्या उष्णतेमुळे तिथे रंग लवकर उजळला. म्हणून मुळं नारिंगी. एका बटेवर आधी स्ट्रँड टेस्ट केली असती, तर हे आधीच दिसलं असतं. ती टेस्ट झाली नव्हती. म्हणजे चूक आपल्या बाजूची आहे.

इथे बरेच जण असं लिहितात:

"मॅडम, तुम्ही घरी डाय लावला होता ते सांगितलं नाही. आमच्या बाकी सगळ्या कस्टमर खूश आहेत. तरी तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी."

यात तीन गोष्टी बिघडल्या. गिऱ्हाइकाच्या केसांची खासगी माहिती चारचौघांत उघड केली. विचारणं आपलं काम होतं, पण दोष तिच्यावर टाकला. आणि "वाटलं असेल तर" म्हणून माफीच काढून घेतली. तुमचं उत्तर फक्त त्या मॅडम वाचत नाहीत. उद्या रंग करायला येणारी बाई तेच वाचून ठरवते की इथे काही बिघडलं तर माझ्याशी कसं वागतील.

आता हे वाचा:

"नमस्कार मॅडम. मुळांशी आणि टोकांशी रंग वेगळा आला, ही आमची चूक आहे. रंगाआधी एका बटेवर चाचणी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. घरात लग्न असताना हा त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. दुरुस्तीचे पैसे घेणार नाही. तुम्हाला दुसरीकडे करायचं असेल, तर तुमचे 4,500 रुपये परत करते. लग्नाआधी वेळ मिळावा म्हणून प्रोफाइलवरच्या नंबरवर फोन करा, मी स्वतः बोलेन. – पार्लरची मालकीण"

बघा, काय बिघडलं ते नेमकं सांगितलं, कारण एका वाक्यात आलं, आणि पुढे काय करणार हे ठोस आहे. मुलीला दोष दिला नाही, डायचा उल्लेखही नाही. "रिव्ह्यू काढा, मग पैसे देते" असं तर चुकूनही लिहू नका, फोनवरही बोलू नका. पैसे किंवा सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू काढायला सांगणं गूगलच्या नियमांत बसत नाही. आणि रिव्ह्यू कडक आहे एवढ्या कारणावर तो काढून मिळत नाही. तक्रार करता येते, ती शिवीगाळ किंवा खोट्या रिव्ह्यूसारख्या नियमभंगाची.

फोन आला की वचन जपून द्या. आधी विचारा, टाळूला जळजळ, फोड किंवा सूज आहे का? असेल तर कोणतंही केमिकल लावायचं नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. टाळू ठीक असेल, तर लग्नापुरता सोपा मार्ग म्हणजे मुळांवर निळसर छटेचा, थोडा गडद रंग. निळा नारिंगीला मारतो, आणि मुळं गडद झाली की टोकांशी मिळून येतात. टोकं उजळवायला एकाच दिवशी ब्लीचवर ब्लीच करू नका, केस तुटतात. ते नंतर, टप्प्याटप्प्याने. "एका बैठकीत सगळं ठीक करते" म्हणालात आणि झालं नाही, तर दुसरा रिव्ह्यू पहिल्याहून वाईट येईल.

दुरुस्तीनंतर आठवड्याने एक मेसेज करा: "दोन-तीनदा केस धुतल्यावर रंग कसा आहे?" बस. स्टार मागू नका. रिव्ह्यू बदलायची सोय गिऱ्हाइकाच्या हातात असते, बदलायचा असेल तर ती स्वतः बदलेल.

आणि आजच रंगाच्या नोंदवहीत दोन ओळी वाढवा: "आधी डाय किंवा मेंदी?" आणि "स्ट्रँड टेस्ट झाली?" दोन्हींपुढे उत्तर लिहिल्याशिवाय बाऊलमध्ये रंग कालवायचा नाही.