गोळ्यांच्या पट्टीवरील मजकूर कसा वाचावा

औषध विभागाच्या खिडकीशी गोळ्यांची पट्टी, म्हणजे आपण जिला स्ट्रिप म्हणतो ती, हाती पडली की बहुतेक रुग्ण व त्यांचे नातेवाईक तिच्यावर एकच गोष्ट शोधतात, ती म्हणजे मुदत. मुदत पुढची दिसली की पट्टी पिशवीत जाते. ही सवय चांगली आहे, परंतु पुरेशी नाही. मुदतीची तारीख दोन गोष्टी गृहीत धरूनच छापलेली असते. पहिली, औषध मुळात योग्य रीतीने तयार झाले आहे. आणि दुसरी, ते सांगितल्याप्रमाणे ठेवले गेले आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीचा माग बॅच क्रमांकावरून लागतो आणि दुसरीचा नियम साठवणीच्या सूचनेत असतो. म्हणून हे तीन मजकूर एकत्र वाचावयाचे असतात. ते कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

बॅच क्रमांक

पट्टीच्या एका टोकाला किंवा मागील बाजूस ‘बी. नो.’ अथवा ‘बॅच नो.’ अशी इंग्रजी अक्षरे व त्यांपुढे काही अंक असतात. कारखान्यात एका वेळी, एकाच कच्च्या मालापासून, एकाच प्रक्रियेने जेवढ्या गोळ्या तयार होतात त्या सर्वांना हा एकच क्रमांक दिला जातो. कोणता कच्चा माल कोठून आला, चाचण्यांचे निष्कर्ष काय आले, याच्या नोंदी त्याच क्रमांकाखाली ठेवल्या जातात. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हा त्या मालाचा खातेपान क्रमांक होय. औषधाचे नाव सर्व बॅचेसना समान असते. दोष निर्माण झाला तर तो पुष्कळदा एखाद्याच बॅचमध्ये असतो.

याचे अलीकडचे आणि अत्यंत दुःखद उदाहरण २०२५ सालचे आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याचे औषध घेतल्यानंतर लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले. वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के इतके आढळले. त्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने नागरिकांना व औषध विक्रेत्यांना ही बॅच वापरू अथवा विकू नये, असा इशारा दिला. त्या इशाऱ्यात उत्पादनाचा महिना मे २०२५ आणि मुदत एप्रिल २०२७ अशी नमूद होती. म्हणजे केवळ मुदत पाहणाऱ्या आईवडिलांच्या दृष्टीने ती बाटली ताजी आणि निर्धोक होती. तिच्यातील धोका घरच्या घरी ओळखण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे बॅच क्रमांक पडताळणे. याच विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा मृत्यू झाला होता आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला होता, हे अनेक ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल.

वरील उदाहरण बाटलीचे असले तरी गोळ्यांच्या पट्टीलाही तोच नियम लागू आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची यादी जाहीर करते. तीत बॅच क्रमांक दिलेला असतो. वृत्तपत्रातील मथळ्यात मात्र पुष्कळदा केवळ औषधाचे नाव येते, आणि ते वाचून काही रुग्ण रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करतात. तसे न करता आपल्या पट्टीवरील उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक यादीशी जुळतो का ते पाहावे. जुळला तर गोळी थांबवून त्याच दिवशी औषध विक्रेत्याकडून किंवा रुग्णालयातून दुसऱ्या बॅचची पट्टी घ्यावी व डॉक्टरांना कळवावे. जुळला नाही तर औषध चालू ठेवावे. शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करता येते.

मुदतीचा महिना

मुदत महिना व वर्ष अशी लिहिलेली असते. आपल्याकडील औषध नियमांनुसार तिचा अर्थ त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत, असा आहे. ‘०५/२०२५’ असे छापले असेल तर ती गोळी ३१ मे २०२५ पर्यंत घेण्यास हरकत नव्हती. महिना उजाडताच औषध टाकून देण्याचे कारण नाही आणि महिना उलटल्यावर ‘चार दिवसांनी काय होते’ म्हणून घेणेही योग्य नाही.

येथे एक लहानसा हिशेब करून पाहू. समजा, श्रीवर्धनजवळच्या गावी राहणाऱ्या आईसाठी मुंबईतील मुलाने १० मे २०२५ रोजी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दहा-दहाच्या तीन पट्ट्या घेतल्या. रोज एक गोळी. बिल पाहिले तर त्यावर एकाच औषधाच्या दोन ओळी दिसतात, कारण दोन पट्ट्या एका बॅचच्या असून त्यांची मुदत ०५/२०२५ आहे, तर तिसरी पट्टी दुसऱ्या बॅचची असून तिची मुदत ०२/२०२६ आहे. आईने १० मेपासून आधी पहिल्या दोन पट्ट्या घेतल्या तर वीस गोळ्या २९ मे रोजी संपतात आणि तिसरी पट्टी त्यानंतर निर्धास्तपणे घेता येते. तिने तिसरी पट्टी आधी फोडली तर ती १९ मेपर्यंत पुरते. मग २० ते ३१ मे या बारा दिवसांत उरलेल्या वीसपैकी बाराच गोळ्या संपतात आणि आठ गोळ्या मुदतीबाहेर जातात. एवढ्यासाठीच रुग्णालयाच्या औषध भांडारात माल येण्याच्या क्रमाने नव्हे, तर मुदत संपण्याच्या क्रमाने लावला जातो. घरीही तसेच करावे, आणि औषध घेतानाच पट्टीवरील बॅच व मुदत बिलावरील नोंदीशी ताडून पाहावी.

यात एक अडचण वारंवार येते. अनेक पट्ट्यांवर बॅच व मुदत एकाच टोकाला छापलेली किंवा दाबून उमटवलेली असते. गोळी त्याच टोकाकडून काढली अथवा पट्टी तेथून कापली की उरलेल्या गोळ्या बेनामी होतात. म्हणून गोळ्या नेहमी विरुद्ध टोकाकडून काढाव्यात. दुकानातून सुट्या चार गोळ्या घेतल्या आणि त्या तुकड्यावर मजकूर नसेल, तर बिल जपून ठेवावे. त्या गोळ्यांची ओळख तेवढीच उरते. काही औषधांवर चौकोनी क्यूआर कोडही असतो. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ठरावीक तीनशे औषधांना तो सक्तीचा झाला आहे. मोबाईलने तो वाचला की बॅच, उत्पादन व मुदत हा तपशील दिसतो. तो पट्टीवर छापलेल्या तपशिलाशी जुळला पाहिजे.

साठवणीची सूचना

आपल्या किनारपट्टीवर सर्वांत दुर्लक्षित राहणारी ओळ हीच. ‘३० अंशांच्या आत, कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवावे’ अशा अर्थाची ही सूचना म्हणजे मुदतीच्या तारखेची अट आहे. अट मोडली की तारीख कागदावर उरते, तिचा भरवसा उरत नाही.

भारतीय औषधकोशाप्रमाणे ‘थंड जागा’ म्हणजे ८ ते २५ अंश तापमानाची जागा, तर २ ते ८ अंश म्हणजे शीतकपाट. ज्या गोळ्यांवर केवळ ‘३० अंशांच्या आत’ असे लिहिले आहे त्या शीतकपाटात ठेवण्याची गरज नसते. दमट हवेत गार पट्टी वारंवार बाहेर काढल्याने तिच्यावर पाणी धरते, ते वेगळेच. पत्र्याच्या छपराखालचा माळा, चुलीजवळची फळी, न्हाणीघराची खिडकी आणि होडीची केबिन या जागा टाळाव्यात. आतल्या खोलीतील बंद कपाट, जमिनीपासून उंच आणि भिंतीची ओल न लागणारे, हे सर्वांत बरे.

दमटपणाचे परिणाम हृदयरोग्यांच्या ॲस्पिरिनवर चांगले दिसतात. ओलावा लागला की तिचे विघटन होऊन एक भाग ॲसेटिक आम्लाचा होतो. पट्टी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती गोळी घेऊ नये. कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटणे, गोळीवर डाग पडणे, ती बोटाने भुगा होणे, ही आणखी काही लक्षणे. परंतु लक्षण दिसत नाही म्हणजे औषध चांगले, असे मात्र नाही. गुण कमी झालेली गोळी बहुधा नव्या गोळीसारखीच दिसते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीतील औषधे बहुधा ओलाव्याला नाजूक असतात. आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून डबीत भरून ठेवण्याची पद्धत त्यांच्या बाबतीत टाळावी.

मुदत साठवणीवर कशी अवलंबून असते, हे इन्सुलिनच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. शीतकपाट बंद पडले की इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुपीवरील वर्षभर पुढची मुदत लागू राहत नाही. बहुतेक प्रकारांत ती नेहमीच्या तापमानात सुमारे चार आठवडेच वापरता येते. नेमके दिवस व तापमानाची मर्यादा सोबतच्या माहितीपत्रकात दिलेली असते. अशा वेळी वीज गेल्याची तारीख कुपीच्या खोक्यावर लिहावी आणि कुपी प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून मातीच्या गार माठात ठेवावी. बर्फात थेट ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निरुपयोगी होते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गोळ्यांची पट्टी, मुदत कितीही असली तरी, वापरू नये.

देणगीदारांस विनंती

घरी उरलेली औषधे गरजू रुग्णांसाठी देण्याची इच्छा अनेक हितचिंतक व्यक्त करतात. त्यामागील भावनेचा आम्हांस आदर आहे. तथापि कापलेल्या वा घरी राहून आलेल्या पट्ट्या स्वीकारता येत नाहीत, कारण बॅच वाचता आली तरी ती पट्टी कोणत्या तापमानात राहिली हे कोणीही सांगू शकत नाही. रुग्णास एकदा दिलेली औषधे परत घेऊन पुन्हा दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मार्गदर्शन आहे. औषधरूपाने देणगी द्यावयाची असल्यास ती विक्रेत्याच्या बिलासह, न फोडलेल्या खोक्यांत आणि किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असलेली असावी. खरेदीपूर्वी औषध विभागाकडे गरज विचारून घ्यावी. मुदत संपलेल्या गोळ्या खाडीत, विहिरीत वा उघड्या कचऱ्यात न टाकता औषध विभागात आणून द्याव्यात, म्हणजे त्यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून करता येईल.