बारा आणि बारा: इंग्रजी काळ आणि मराठी क्रियापदं एकाच तक्त्यात

इंग्रजीत काळ बारा. शाळेतल्या मराठी व्याकरणातही काळ बाराच: वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे चार प्रकार. मग समोरासमोर दोन रकाने आखायचे आणि रेघा ओढायच्या, झालं काम! मंडळातल्या ज्युनिअर मुलांसाठी तक्ता करायला घेतला तेव्हा बहुतेकांची अपेक्षा हीच होती. पण आकडा सारखा असला तरी हिशेब जुळत नाही. नेमकं कुठे जुळत नाही, हे कळलं की तक्ता खरंच कामाचा होतो.

मराठीतले चार प्रकार असे: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति. इंग्रजीतले चार: सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. पहिल्या तिघांच्या जोड्या साधारण लागतात. चौथी जोडी मात्र नावापुरतीच आहे. रीति म्हणजे सवय: ‘मी लिहीत असते’, ‘मी लिहीत असे’, ‘मी लिहीत जाईन’. परफेक्ट कंटिन्युअस म्हणजे आधी सुरू होऊन एखाद्या क्षणापर्यंत चालत आलेलं काम. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तरी काही मार्गदर्शिकांमध्ये ‘रीति’ आणि ‘चालू पूर्ण’ ही एकाच काळाची दोन नावं म्हणून छापलेली दिसतात. चौथा मराठी रकाना चौथ्या इंग्रजी रकान्याला चिकटवला की हेच होणार. मग ‘मी रोज फिरायला जात असते’ याचं भाषांतर मुलं ‘आय हॅव बीन गोइंग’ असं करतात आणि चूक कुठे झाली ते त्यांना कळत नाही, कारण पुस्तकात तसंच दिलेलं असतं.

म्हणून तक्ता इंग्रजीच्या क्रमाने लावला, पण मराठी बाजूला नावं न देता फक्त रूपं ठेवली. क्रियापद ‘लिहिणे’, कर्म ‘पत्र’, आणि बोलणारी मी, म्हणजे मुलगी.

| इंग्रजी | मराठी |
|---|---|
| आय राइट | मी पत्र लिहिते |
| आय अ‍ॅम रायटिंग | मी पत्र लिहीत आहे, लिहिते आहे |
| आय हॅव रिटन | मी पत्र लिहिलं आहे |
| आय हॅव बीन रायटिंग | मी सकाळपासून पत्र लिहिते आहे |
| आय रोट | मी पत्र लिहिलं |
| आय वॉज रायटिंग | मी पत्र लिहीत होते |
| आय हॅड रिटन | मी पत्र लिहिलं होतं |
| आय हॅड बीन रायटिंग | मी सकाळपासून पत्र लिहीत होते |
| आय विल राइट | मी पत्र लिहीन |
| आय विल बी रायटिंग | मी पत्र लिहीत असेन |
| आय विल हॅव रिटन | मी पत्र लिहिलेलं असेल |
| आय विल हॅव बीन रायटिंग | तोवर मी दोन तास पत्र लिहीत असेन |

आता दुसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवा. मराठी क्रियापद तेच आहे. सगळा फरक ‘सकाळपासून’ या एका शब्दाने केलाय. सहावी आणि आठवी ओळ, दहावी आणि बारावी ओळ, तिथेही तेच. म्हणजे परफेक्ट कंटिन्युअससाठी मराठीत वेगळं रूप नाही. आपण अपूर्ण काळच वापरतो आणि सुरुवात कधी झाली किंवा किती वेळ झाला ते वेगळ्या शब्दाने सांगतो. इंग्रजीत ‘सिन्स मॉर्निंग’ म्हटलं तरी क्रियापदही बदलावं लागतं. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना एक सोपी खूण लक्षात ठेवा: वाक्यात ‘पासून’ आहे का, किंवा ‘दोन तास झाले’ असं काही आहे का? असेल आणि काम अजून चालू असेल, तर ‘इज रायटिंग’ चालणार नाही, ‘हॅज बीन रायटिंग’ हवं. (‘लिहीत आले आहे’ असंही एक रूप आहे, पण ते वर्षानुवर्षांच्या कामासाठी. सकाळपासूनच्या पत्रासाठी ते जरा भारदस्त वाटतं.)

दुसरी गोष्ट तक्त्यात दिसते, पण पटकन लक्षात येत नाही. पहिल्या ओळीत मी मुलगी आहे हे कळतं: ‘लिहिते’. मुलगा असता तर ‘लिहितो’. तिसऱ्या ओळीत ‘लिहिलं आहे’ म्हटलं की मुलगा की मुलगी हे कळतच नाही, कारण क्रियापद आता पत्राच्या मागे गेलं. चिठ्ठी असती तर ‘लिहिली’, निबंध असता तर ‘लिहिला’. सकर्मक क्रियापद ‘ल’च्या रूपात आलं की असं होतं. अकर्मक असेल तर ते कर्त्यासोबतच राहतं: ‘मी आले’, ‘तो आला’. हिंदीतही असंच आहे, पण तिथे ‘मैंने’ म्हणताना ‘ने’ स्पष्ट ऐकू येतो. मराठीत ‘तिने’, ‘त्याने’ मध्ये तो दिसतो, ‘मी’ आणि ‘तू’ मध्ये लपतो. इंग्रजीत यातलं काहीच नाही. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत जाताना याचा त्रास नाही, पण उलट येताना पत्र की चिठ्ठी हे आधी ठरवावं लागतं. तक्ता पाठ करणारे इथे अडकतात, कारण तक्त्यात एकच कर्म आहे.

आता आमच्या पांढुर्ण्याची खास गोष्ट. इथे घरात मराठी, वर्गात बहुतेक हिंदी आणि पुढे इंग्रजी, असा बहुतेकांचा प्रवास. आणि घरातली मराठी म्हणजे नागपूर-वऱ्हाडकडच्या वळणाची. आपल्याकडे ‘ती पत्र लिहीत आहे’ असं कुणी बोलत नाही. ‘ती पत्र लिहून राहिली’ म्हणतात. पुण्याच्या माणसाला यातला ‘राहिली’ भूतकाळाचा वाटतो. पण हे हिंदीतल्या ‘लिख रही है’ सारखं चालतं, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं ‘इज रायटिंग’. आणि ‘राहणे’ अकर्मक असल्यामुळे इथे क्रियापद कर्त्याचंच ऐकतं: ‘तो चिठ्ठी लिहून राहिला’, ‘ती निबंध लिहून राहिली’. पुढे ‘होती’ लावलं की सहावी ओळ तयार: ‘ती लिहून राहिली होती’. शेवटी ‘ल’ आणि त्यापुढे ‘होती’ पाहून कुणी याला ‘हॅड रिटन’ समजू नये. माझ्या मते आपल्या मुलांनी तक्त्यात दुसऱ्या आणि सहाव्या ओळीशेजारी हे रूप पेनाने लिहूनच घ्यावं. जे रोज बोलतो ते तक्त्यात नसेल तर तक्ता परक्या माणसाचा वाटतो.

सगळ्यात जास्त चुका मात्र सातव्या ओळीत होतात. एक छोटा परिच्छेद घेऊन बघू.

‘काल मी सौंसरला गेले होते. मावशी सकाळपासून पुरणपोळ्या करत होती. मी पोचले तेव्हा तिने वीस पोळ्या केल्या होत्या. दरवर्षी पोळ्याला ती असंच करत असते. आज ती दमली आहे. आत्ता झोपली असेल.’

पहिलं वाक्य. ‘गेले होते’ म्हणजे तक्त्याप्रमाणे ‘हॅड गॉन’. पण इंग्रजीत इथे साधं ‘आय वेंट’ हवं. मराठीत जाऊन परत आलो, गोष्ट संपली, एवढं सांगायलाही आपण ‘होते’ लावतो. इंग्रजीतलं ‘हॅड’ बहुतेक वेळा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणाच्या आधीचं दाखवतं. तो दुसरा क्षण वाक्यात किंवा आसपास सापडत नसेल, तर ‘हॅड’ काढून टाका. तिसऱ्या वाक्यात तो सापडतो: ‘मी पोचले तेव्हा’. पोचण्याआधी पोळ्या झाल्या होत्या, म्हणून ‘हॅड मेड’ बरोबर. (आणि ‘केल्या होत्या’ हे पोळ्यांमागे गेलं, मावशीमागे नाही, तेही बघून ठेवा.) दुसऱ्या वाक्यात ‘सकाळपासून’ आहे, म्हणून ‘हॅड बीन मेकिंग’.

चौथं वाक्य रीतीचं. ‘करत असते’ मधला ‘त’ बघून कंटिन्युअसकडे धावू नका. सवय आहे, म्हणून सिंपल प्रेझेंट: ‘शी डझ धिस एव्हरी इयर’. सवय जुनी आणि सुटलेली असेल, ‘करत असे’ किंवा ‘करायची’, तर इंग्रजीत ‘यूज्ड टू’ वापरतात, आणि ते बारा घरांत कुठेच बसत नाही. मराठीचा पूर्ण चौथा रकाना असा तक्त्याबाहेर राहतो. तो तक्त्याखाली वेगळ्या ओळीत लिहावा, ओढूनताणून आत घुसवू नये.

पाचवं वाक्य मजेचं आहे. ‘दमली आहे’ हे रूपाने पूर्ण वर्तमान, पण इंग्रजीत ‘शी इज टायर्ड’, तिथे परफेक्टचा पत्ताच नाही. बसणे, झोपणे, उभं राहणे ही क्रियापदं अशीच. ‘ती बसली आहे’ म्हणजे ‘शी इज सिटिंग’. बसण्याची क्रिया संपली, बसलेली अवस्था चालू आहे. मराठी संपलेली क्रिया सांगते, इंग्रजी चालू अवस्था. ‘ती बसते आहे’ म्हटलं तर ती आत्ता खाली टेकतेय. या क्रियापदांपुरता तक्ता बाजूला ठेवावा.

शेवटचं ‘झोपली असेल’. दिसायला भविष्यकाळ, पण भविष्याचं इथे काहीच नाही. हा अंदाज आहे: ‘शी मस्ट बी अस्लीप’. दहाव्या ओळीतल्या ‘लिहीत असेन’ची पण हीच गोम आहे. नुसतं ‘ती लिहीत असेल’ म्हटलं तर ऐकणारा ‘आत्ता बहुतेक लिहीत असावी’ असंच समजेल. ‘उद्या या वेळी’ असा शब्द जोडला तरच ते ‘विल बी रायटिंग’ होतं. म्हणून भविष्याच्या शेवटच्या तीन ओळी वेळेच्या शब्दाशिवाय कधीच वाचू नयेत.

एक उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलंय. दारावर कुणी हाक मारली की आपण आतून म्हणतो, ‘आले, आले!’ अजून जागचे हललेलोही नसतो. आणि निघताना म्हणतो, ‘येते हं’, जेव्हा खरं तर जातोय. पहिल्यात भूतकाळाचं रूप येणाऱ्या क्षणासाठी, दुसऱ्यात वर्तमानाचं रूप पुढच्या भेटीसाठी. जुन्या मराठी व्याकरणात या रूपांना लाख्यात, ताख्यात अशी नावं आहेत, म्हणजे ‘ल’चं रूप, ‘त’चं रूप. नाव आकारावरून दिलंय, वेळेवरून नाही. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण ‘आले!’ला भूतकाळ म्हटलं की इंग्रजीत ‘आय केम’ लिहावंसं वाटतं; ‘ल’चं रूप म्हटलं की निदान माणूस थांबून विचारतो, इथे वेळ कोणती? आणि मग ‘कमिंग!’ असं बरोबर उत्तर देतो.