फसव्या दुकानाच्या गाळेमालकाला पत्र

येवल्याच्या एका विणकर काकांची छोटी वेबसाइट मी सांभाळतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांना अनोळखी बायकांचे फोन येऊ लागले, “दादा, साडी कधी पाठवताय?” काकांनी त्यांच्याकडून ऑर्डर घेतलीच नव्हती. कुणीतरी त्यांच्या साइटवरचे फोटो उचलून नवं ऑनलाइन दुकान थाटलं होतं. अस्सल रेशमी पैठणी १४९९ रुपयांत, पैसे आधी, साडी कधीच नाही. ते दुकान ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तिला पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. अशी पत्रं त्याआधी आणि त्यानंतरही लिहिली. त्यातून जे शिकलो ते सांगतो. दुकानाचं नाव आणि आकडे इथे बदलले आहेत.

१. आधी गाळा कुणाचा ते शोधा.

दुकानाच्या पत्त्यामागे निदान दोन कंपन्या असतात. एक पाटी रंगवून देते, म्हणजे डोमेन विकते. दुसरी गाळा भाड्याने देते, म्हणजे होस्टिंग. पुष्कळदा दारात तिसरी उभी असते, क्लाउडफ्लेअरसारखी. ती येणारी-जाणारी वर्दळ सांभाळते आणि आतला गाळा झाकून ठेवते. माल गाळ्यात असतो, म्हणून मुख्य पत्र गाळेमालकाला जायला हवं.

शोधायला दोन आज्ञा पुरतात:

```
dig +short paithani-utsav.example
whois 203.0.113.24
```

पहिलीने आयपी पत्ता कळतो. तोच दुसरीत टाकला की तो कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं, आणि तक्रारीचा ईमेलही मिळतो. तो बहुतेक वेळा abuse@ ने सुरू होतो. आमचा शोध नेदरलँड्समधल्या एका कंपनीपाशी थांबला. आयपी क्लाउडफ्लेअरचा निघाला, तर त्यांच्या तक्रार फॉर्मवर लिहावं. ते तक्रार मागच्या होस्टकडे पाठवतात आणि तो होस्ट कोण हेही कळवतात.

डोमेन विकणाऱ्यालाही प्रत पाठवावी, पण तिच्यावर विसंबू नये. ५ एप्रिल २०२४ पासून त्यांच्या करारात गैरवापरावर कारवाई करण्याचं बंधन आलं आहे. मात्र त्या यादीत फिशिंग, मालवेअर, बॉटनेट अशा गोष्टी येतात. पैसे घेऊन माल न पाठवणारं दुकान त्यात सरळ बसत नाही, त्यामुळे “हा मजकुराचा प्रश्न आहे, होस्टला विचारा” असं उत्तर येऊ शकतं.

२. दुकान सगळ्यांना सारखं दिसत नाही.

हे कळलं नाही तर सगळं पत्र वाया जातं. हे दुकान फोनवर, जाहिरातीवर टिचकी मारून गेलं की उघडायचं. तोच पत्ता लॅपटॉपवर टाकला की शिवणकामाबद्दलचे चार लेख दिसायचे. परदेशातून उघडलं तरीही तेच. नेदरलँड्समधला कर्मचारी दुवा उघडणार, त्याला टाचण-टिपेचे लेख दिसणार आणि तो फाइल बंद करणार.

म्हणून पत्रात दुकान कसं उघडतं ते लिहावं लागतं: भारतातला मोबाइल डेटा, अँड्रॉइड फोन, आणि जाहिरातीतून आलेला प्रश्नचिन्हापुढच्या शेपटीसकट पूर्ण दुवा. सोबत दोन चित्रं जोडावीत, एक फोनवरचं आणि एक लॅपटॉपवरचं. दोन्हींत पत्त्याची पट्टी दिसली पाहिजे आणि तारीख-वेळ लिहिलेली पाहिजे. वेळ भारतीय की यूटीसी हेही लिहावं, कारण तो माणूस आपल्या नोंदींशी ती ताडून बघतो. असा दुहेरी चेहरा हा स्वतःच मोठा पुरावा आहे. सरळ धंदा करणाऱ्याला कुणापासून लपण्याची गरज नसते.

हे सगळं पत्र पाठवण्याआधीच जमवावं. तक्रारीचा वास लागला की दुकानदार पानं बदलतो.

३. पैठणी म्हणजे काय हे त्याला माहीत नाही.

काकांचा सगळ्यात मोठा पुरावा होता भाव. “हातमागाची, खऱ्या रेशमाची पैठणी पंधराशेत? नुसतं रेशीमसुद्धा त्यात येणार नाही!” हे येवल्यात कुणालाही पटेल, पण डच माणसाला ते तपासता येत नाही. त्याच्यासाठी ते एका दुकानदाराने दुसऱ्यावर केलेले आरोप ठरतात.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात याबद्दल एक नेमकी गोष्ट आहे. हा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून सर्व होस्टिंग कंपन्यांना लागू आहे. बेकायदेशीरपणा खोलवर कायदेशीर तपासणी न करता ओळखता येईल इतकी तक्रार नेमकी असेल, तर कंपनीला “आम्हाला माहीत नव्हतं” असं म्हणता येत नाही. म्हणजे पत्राची खरी कसोटी हीच, की वाचणाऱ्याला खुर्चीतून न उठता शहानिशा करता आली पाहिजे.

या कसोटीवर आम्ही पुरावे पाखडले. दुकानावर लिहिलं होतं, “१९८७ पासून आपल्या सेवेत.” डोमेनची नोंदणी मात्र जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीची. हे कुणीही मिनिटात पाहू शकतो, म्हणून तो मुद्दा पहिला घेतला. पत्ता येवल्याचा होता, पण जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होत होता. हा उत्तर प्रदेशाचा संकेत आहे, महाराष्ट्राचा २७ असतो. पोर्टलवर तो क्रमांक भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. आपली सरकारी पोर्टलं परदेशातून उघडतीलच असं नाही, म्हणून त्या पानाचं चित्रही जोडलं.

तिसरा पुरावा काकांनीच शोधला. चोरांनी फोटो उजवा-डावा उलटा केला होता, बहुधा चित्रशोधात तो सापडू नये म्हणून. पदरावरचे मोर दोन्हीकडे सारखेच दिसतात, तिथे काही कळत नव्हतं. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि मागामागच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथल्या कालनिर्णयचे आकडे उलटे दिसत होते. मूळ फोटो आणि उलटा फोटो शेजारी-शेजारी ठेवले. त्यासाठी मराठी यायची गरज नव्हती.

४. पत्र छोटं आणि कोरडं असावं.

पत्र इंग्रजीत पाठवलं. आशय असा होता:

“विषय: फसवं दुकान, paithani-utsav[.]example, आयपी 203.0.113.24.

आपल्या सर्व्हरवरचं हे दुकान पैसे घेऊन माल पाठवत नाही. त्यावरचे फोटो दुसऱ्या विणकराचे आहेत. नेमकी पानं: (तीन दुवे). दुकान फक्त भारतातल्या मोबाइलवर जाहिरातीच्या दुव्याने उघडतं, चित्र १ व २ पाहा. आपण स्वतः तपासू शकाल अशा गोष्टी: नोंदणीची तारीख, जीएसटी क्रमांक, उलटा केलेला फोटो. पैसे भरलेल्या दोन ग्राहकांच्या ऑर्डरच्या पावत्या त्यांच्या संमतीने, नावं झाकून जोडल्या आहेत. ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे. कृपया तपासून हे खातं बंद करावं आणि निर्णय कळवावा.”

पत्र एवढंच. त्याच युरोपीय कायद्यात तक्रारीत काय असावं ते दिलं आहे: कारण, नेमका दुवा, तक्रारदाराचं नाव व ईमेल, आणि माहिती खरी असल्याचं प्रामाणिक निवेदन. कंपनीने पोच द्यायची आणि निर्णय कळवायचा, हेही त्यात आहे. “कोर्टात खेचू” असं लिहिलं की पत्र तक्रार विभागातून उठून वकिलांकडे जातं आणि तिथे पडून राहतं.

विषयातला चौकोनी कंस मुद्दाम आहे. फसव्या साइटचा चालू दुवा असलेलं पत्र स्पॅममध्ये अडकतं, म्हणून ठिपका कंसात टाकायचा आणि https ऐवजी hxxps लिहायचं. तक्रारी वाचणाऱ्यांना ही रीत ठाऊक असते.

५. तुमचं पत्र चोराच्या हातात पडू शकतं.

काही कंपन्या तक्रार जशीच्या तशी आपल्या ग्राहकाकडे पाठवतात आणि त्याच्याकडून खुलासा मागतात. तो ग्राहक म्हणजेच फसवणारा. त्यामुळे तक्रारीसाठी वेगळा ईमेल ठेवावा. घरचा पत्ता, फोन, बँक खाते यांतलं काहीही पत्रात नको. यूपीआय पावतीवर पैसे देणाऱ्याचा आयडी असतो, तो काळा करावा. घेणाऱ्याचा मात्र ठेवावा.

६. फोटोचोरीचं पत्र वेगळं, आणि मालकाच्या सहीचं.

फसवणूक झाली की नाही यावर कंपनी घोळ घालू शकते, कारण दोन्ही बाजू तिला अनोळखी असतात. फोटोचा मालक स्वतः “हा माझा आहे, काढा” म्हणाला तर प्रश्न सोपा होतो. म्हणून काकांच्या नावाने दुसरं पत्र गेलं. त्यात मूळ फोटो आमच्या साइटवर कुठे आहेत आणि चोरलेले कुठे आहेत याच्या जोड्या होत्या. हे पत्र फोटोच्या मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसानेच पाठवायचं असतं. शेजाऱ्याने कळवळ्याने पाठवलं तर चालत नाही. अमेरिकी होस्ट असेल तर हा अधिकार असल्याचं विधान खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या जबाबदारीवर करावं लागतं. या पत्राने फक्त फोटो उतरले तरी चालतं, कारण फोटोंशिवाय तसलं दुकान विकणार काय?

७. दुकान बंद होणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी.

पोच येते तेव्हा तिच्यात एक तिकीट क्रमांक असतो. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर करावा. दर वेळी नवं पत्र पाठवलं की नवी फाइल उघडते आणि आपण रांगेत परत शेवटी जातो. स्मरणपत्रात राग नको, नवा पुरावा हवा: आजही चालू असलेलं पान, नवी जाहिरात, त्याच आयपीवर उभं राहिलेलं दुसरं दुकान.

आमच्या पत्रानंतर ते दुकान उतरलं. लॅपटॉपवर लेख दिसेनासे झाले हा त्याचा पुरावा नव्हता. फोनवरून, जाहिरातीच्या जुन्या दुव्याने गेल्यावर खातं बंद केल्याची पाटी दिसली, तेव्हा खात्री पटली. पुढे तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा वर आले. पुरावे तयार होते, त्यामुळे दुसरं पत्र लगेच गेलं.

होस्टिंग कंपनी गाळा बंद करते, गल्ल्यातले पैसे परत देत नाही. ते पैसे तिच्याकडे कधी आलेलेच नसतात. म्हणून ज्यांचे पैसे गेले त्यांनी क्रम चुकवू नये. आधी १९३० ला फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार, त्याच वेळी आपल्या बँकेला खबर. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ते गोठवता येतात, उशीर झाला तर नाही. कंपनीला पत्र त्यानंतर लिहा, पण लिहा जरूर. ते पुढच्या गिऱ्हाइकासाठी असतं.